एका एकराची रेशीम शेती: शेड, बॅच आणि कोष बाजार

रेशमाची अळी आयुष्यात तुतीच्या पाल्याशिवाय दुसरे काही खात नाही. त्यामुळे रेशीम शेतीत किती अंडीपुंज घ्यायचे, शेड केवढे बांधायचे, वर्षात किती बॅच काढायच्या, हे सगळे तुतीचा मळा किती पाला देतो यावरून ठरते. मराठवाड्यात बीड आणि जालना जिल्ह्यांत हा व्यवसाय चांगला रुजला आहे. तिथल्या एक एकर बागायती तुतीचे उदाहरण घेतले की सगळे गणित उलगडते.

व्ही-१ हा तुतीचा वाण बहुतेक ठिकाणी दिसतो. जोडओळ पद्धतीत दोन ओळींत ३ फूट, दोन जोड्यांमध्ये ५ फूट आणि दोन झाडांमध्ये २ फूट अंतर ठेवले, तर एकरात साधारण ५,४०० झाडे बसतात. पाच फुटांच्या पट्ट्यातून छोटा ट्रॅक्टर फिरतो. एकदा लावलेली तुती दहा-बारा वर्षे सहज टिकते. छाटणी झाली की साधारण दोन महिन्यांत फांद्या पुन्हा पाल्याने भरतात. म्हणजे पाणी असेल तर वर्षात चार ते पाच बॅच निघतात, आणि एका बॅचला २०० अंडीपुंज झेपतात. एका अंडीपुंजात चारशे ते पाचशे अंडी धरली, तर शेडमध्ये ऐंशी हजार ते एक लाख अळ्या असतात. त्यांना सगळा मिळून सुमारे दोन टन पाला लागतो.

या अळ्यांना जागा किती हवी, यावरून शेडचे माप निघते. शेवटच्या अवस्थेत १०० अंडीपुंजांच्या अळ्यांना ६०० ते ७०० चौरस फूट बेड लागतो, म्हणजे २०० अंडीपुंजांना १,२०० ते १,४००. सपाट जमिनीवर एवढी जागा देणे परवडत नाही, म्हणून मजल्यांचे रॅक लावतात. ५० फूट लांब आणि २२ फूट रुंद शेडमध्ये ५ फूट रुंद, ४० फूट लांब असे दोन रॅक बसतात. मध्ये आणि दोन्ही बाजूंना चार-चार फुटांच्या वाटा उरतात. रॅकला चार कप्पे ठेवले की १,६०० चौरस फूट बेड तयार होतो. दोन कप्प्यांमध्ये दोन फूट अंतर हवे, नाहीतर फांद्या टाकताना हात अडतो आणि हवाही खेळत नाही.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर उन्हाचा मारा कमी बसतो. मोठ्या अळ्यांना २४-२५ अंश तापमान आणि ६५-७० टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नुसते पत्रे असतील तर हे जमत नाही. छपरावर पाचट किंवा उसाचे वाढे, बाजूंना ओली पोती आणि फॉगर अशी सोय करावी लागते. खिडक्या-दारांना नायलॉनची जाळी असलीच पाहिजे, कारण उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते. तिथे बारीक काळा डाग उठतो, आणि माशीची अळी आत शिरून रेशीम अळीला संपवते. बॅच सुरू होण्यापूर्वी रॅक, भिंती, फरशी सगळे ब्लिचिंग पावडर आणि चुन्याच्या द्रावणाने धुऊन निर्जंतुक करावे लागते. मागच्या बॅचचा रोग पुढच्या बॅचला बहुतेक वेळा इथूनच लागतो.

अंड्यातून निघालेल्या अळ्या फार नाजूक असतात. त्यांना २७-२८ अंशांची ऊब, दमट हवा आणि कोवळा पाला लागतो. म्हणून पहिल्या दोन अवस्था चॉकी सेंटरवर काढून घेतात आणि शेतकरी आठ-दहा दिवसांच्या अळ्या घरी आणतो. तिथून पुढे कोष काढेपर्यंत साधारण २३ ते २५ दिवसांचे काम असते. पाला तोडत बसण्याऐवजी अख्ख्या फांद्याच बेडवर आडव्या टाकतात. त्याने मजुरी वाचते आणि बेडही मोकळा राहतो.

अळी चार वेळा कात टाकते. शेतकरी म्हणतात, ‘अळ्या मोल्टला बसल्या.’ डोके वर उचलून अळी निश्चल होते, कातडी चकाकते, खाणे थांबते. शंभरातल्या नव्वदहून अधिक अळ्या अशा बसल्या की पाला थांबवून बेडवर चुना धुरळायचा, म्हणजे उरलेला पाला सुकतो. जवळजवळ सगळ्या उठल्यावरच पुन्हा खाद्य द्यायचे. चार उठल्या म्हणून घाईने पाला टाकला, तर त्या पुढे जातात, बाकीच्या मागे राहतात, आणि शेवटी कोष एका वेळी तयार होत नाहीत. नवख्या शेतकऱ्याची बॅच इथेच बिघडते.

पाचवी अवस्था सात-आठ दिवसांची असते, आणि एकूण पाल्यातला चार-पंचमांशाहून अधिक पाला याच दिवसांत संपतो. दिवसाला सरासरी २०० किलो, तोही नुसत्या पाल्याच्या वजनाने. मळ्यात पाला कमी पडला तर तो इथेच कळतो, आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो. रोगही याच काळात उघडा पडतो. ग्रासरी झालेली अळी फुगते, रॅकच्या कडेला भटकते आणि तिच्या अंगातून दुधी पाणी गळते. फ्लॅचरीत अळी मऊ पडून हगवण लागते. मस्कार्डिनमध्ये मेलेली अळी खडूसारखी पांढरी, कडक होते. हा रोग थंड, दमट हवेत येतो. रोगी अळ्या रोज चिमट्याने वेचून चुन्याच्या भांड्यात टाकाव्या लागतात. शेजारच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्याने तुतीवर आली तर मात्र अळ्या ओकतात, पिळवटतात आणि एका दिवसात अख्खी बॅच जाते. म्हणून तुतीची जागा निवडताना शेजारचे पीक पाहिलेच पाहिजे.

पिकलेली अळी खाणे सोडते, थोडी आक्रसते आणि अंगाने पिवळसर पारदर्शक दिसते. मग बेडवर प्लॅस्टिकच्या चंद्रिका पसरतात. दोन-तीन दिवसांत कोष विणून होतो, पण आतल्या अळीचा प्युपा होऊन तो कडक व्हायला आणखी वेळ लागतो. काढणी पाचव्या-सहाव्या दिवशी, थंडीत एखाद-दोन दिवस उशिरा करतात. एक कोष कापून आतला प्युपा तपकिरी आणि टणक झाला आहे का, हे पाहणे सर्वांत खात्रीचे. घाई केली तर कोवळा प्युपा प्रवासात फुटतो आणि भोवतालचे कोष डागी होतात. उशीर केला तर आठवड्याभरात पतंग कोष भोकसून बाहेर येतो, आणि अशा कोषाचा अखंड धागा निघत नाही. कोष वाफेने किंवा गरम हवेने सुकवायची सोय शेतकऱ्याकडे सहसा नसते. भाव पडलेला असला तरी माल थांबवता येत नाही. या व्यवसायातली खरी अडचण ही आहे.

पूर्वी महाराष्ट्रातला कोष कर्नाटकातल्या रामनगरला जायचा. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोष बाजार सुरू झाला, तेव्हापासून बराच माल राज्यातच विकला जातो. कोष रात्रीच्या गारव्यात, सैल भरलेल्या जाळीदार पोत्यांतून न्यावेत. दाबून भरले तर आत ऊब धरून ओल सुटते. बाजारात खरेदीदार मूठभर कोष उचलून दाबून पाहतो, काही कापतो. कोषाच्या वजनात कवच किती, हे त्याला पाहायचे असते. १.८ ग्रॅमच्या कोषात ०.३८ ग्रॅम कवच असेल तर ते सुमारे २१ टक्के झाले, आणि हा चांगला माल. असे सहा-सात किलो कोष लागतात तेव्हा एक किलो रेशीम निघते. डबल, पोचट आणि डागी कोष ढिगात मिसळले असतील तर सगळ्या ढिगाचा भाव उतरतो. ते घरीच निवडून वेगळे विकलेले बरे.

१०० अंडीपुंजांना ७० किलो उतारा धरला, तर २०० अंडीपुंजांचे १४० किलो कोष होतात. किलोला ५०० रुपये भाव मिळाला तर ७० हजार रुपये हाती येतात. त्यातून चॉकी, निर्जंतुकीकरण, खत, मजुरी आणि वाहतूक वजा करायची. भाव शंभर रुपयांनी हलला की एका बॅचमागे १४ हजारांचा फरक पडतो. वर्षातल्या सगळ्या बॅच एकाच भावात सापडू नयेत म्हणून मळ्याचे दोन भाग करून छाटणी पुढे-मागे करावी, कमी-कमी अंडीपुंजांच्या बॅच जास्त वेळा घ्याव्यात, आणि चॉकीची मागणी छाटणीच्या दिवशीच नोंदवून ठेवावी.