समोर श्रोते नसताना धम्मदेसना : कालाम सुत्त आठ मिनिटांत कसे सांगावे?

२०२० च्या टाळेबंदीत विहारे बंद राहिली आणि ७ मे रोजी आलेली बुद्धपौर्णिमा आपण घराघरांत साजरी केली. तेव्हापासून मोबाईलवर रेकॉर्ड केलेली देसना ही अनेक विहारांची सवय झाली. विहारे पुन्हा उघडली, तरी ही सवय गेली नाही, आणि जायचे कारणही नाही. पाळीवर काम करणारे, बाहेरगावी राहणारे, गुडघेदुखीमुळे विहाराच्या पायऱ्या चढू न शकणारे उपासक-उपासिका व्हिडिओवरच धम्म ऐकतात. मात्र विहारातले पाऊण तासाचे प्रवचन जसेच्या तसे रेकॉर्ड करून पाठवले, तर ते शेवटपर्यंत फारच थोडे लोक ऐकतात. दोष केवळ ऐकणाऱ्यांच्या उतावळेपणाचा नाही. विहारात प्रवचनाचे अर्धे काम श्रोते करतात. ते पंचशील मागून म्हणतात, प्रश्नाला उत्तर देतात, मान डोलावतात, ‘साधु’ म्हणतात. कोणाच्या कपाळावर आठी दिसली की वक्ता तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये यातले काहीच नसते. म्हणून हे अर्धे काम आधीच कागदावर करून ठेवावे लागते.

हे कसे करायचे ते एकाच देसनेवरून पाहू. त्यासाठी आम्ही अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातले कालाम सुत्त घेतले आहे. त्याला कारण आहे. हे संपूर्ण सुत्तच प्रश्नोत्तरांचे आहे. तथागत विचारतात, कालाम उत्तर देतात आणि पुढची पायरी त्या उत्तरावर उभी राहते. व्हिडिओत उत्तर द्यायला कालाम नसतात. शिवाय छोट्या व्हिडिओंसाठी सर्वांत जास्त कापले जाणारे आणि कापल्यामुळे सर्वांत जास्त बिघडणारे सुत्तही हेच आहे.

पहिला प्रश्न वंदनेचा येतो. विहारात त्रिसरण-पंचशील, पूजा, मग मान्यवरांचा नामोल्लेख, असे करत दहा-पंधरा मिनिटे जातात. तिथे ती वाया जात नाहीत, माणसे स्थिर होतात. पण बसमध्ये मोबाईल उघडणारा इतका वेळ थांबत नाही. दुसरीकडे, वंदना गाळली तर ज्येष्ठ उपासकांना ते रुचत नाही आणि त्यांचे म्हणणे योग्यच आहे. यावर सोपा मार्ग असा की वंदनेचा व्हिडिओ स्वतंत्र करावा आणि दोन्ही एकापाठोपाठ पाठवावेत. कुटुंब एकत्र बसले तर आधी वंदना लावेल, एकटा ऐकणारा सरळ देसना लावेल. वंदनेच्या व्हिडिओत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे मागून म्हणायला जागा. भन्ते किंवा बौद्धाचार्य एक ओळ म्हणून लगेच पुढची घेतात आणि घरातली माणसे मागे पडून गप्प होतात. त्यासाठी प्रत्येक ओळीनंतर तीच ओळ मनात सावकाश म्हणावी आणि मगच पुढे जावे. ऐकताना ही शांतता लांब वाटते, म्हणताना अगदी बरोबर बसते.

आता देसना. सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. म्हणजे आठ मिनिटांत फार तर हजार शब्द होतात, आणि मधल्या थांब्यांचा वेळ काढला तर त्याहूनही कमी. पाऊण तासाचा मजकूर भरभर बोलून यात बसत नाही. काय सांगायचे आणि काय पुढच्या वेळी ठेवायचे, हे आधीच ठरवावे लागते.

कालाम सुत्ताचे तीन भाग पडतात. कोसल देशातल्या केसपुत्त येथे निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येत, आपले मत उजळून दाखवत आणि दुसऱ्याचे हिणवत. कोणाचे खरे मानावे, हा कालामांचा प्रश्न होता. त्यावर तथागतांनी आधी कशाच्या आधारावर स्वीकारू नये ते सांगितले आणि मग लोभ, द्वेष व मोह यांवर प्रश्न विचारून स्वीकारण्याची कसोटी दिली. हा पहिला भाग. दुसऱ्यात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा येतात. तिसऱ्यात असे जगणाऱ्याला मिळणारी चार आश्वासने आहेत. पाऊण तासात हे तिन्ही होतात. आठ मिनिटांत फक्त पहिला होतो, म्हणून तीन व्हिडिओ करावेत.

पण कात्री कुठे लावायची हे महत्त्वाचे आहे. बहुतेक छोट्या व्हिडिओंत ‘परंपरा म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका’ एवढेच येते आणि तिथे व्हिडिओ संपतो. ऐकणाऱ्याचा समज होतो की मला पटेल तेच खरे. सुत्त असे म्हणत नाही. न स्वीकारण्याच्या दहा आधारांत नुसता तर्क, अनुमान आणि आपल्या मताशी जुळते म्हणून पटणे हेही आहेत. नाकारल्यानंतर लगेच कसोटी येते : ही गोष्ट अकुशल आहे का, सुज्ञ तिची निंदा करतात का, ती आचरल्याने अहित आणि दुःख होते का, हे स्वतः जाणून सोडा. कुशल असेल तर स्वतः जाणून स्वीकारा. म्हणून नियम एकच. ‘स्वीकारू नका’ आणि ‘जाणून स्वीकारा’ यांच्यामध्ये कधीही कापू नये, मग व्हिडिओ आठ मिनिटांचा असो की एका मिनिटाचा.

आता आठ मिनिटे अशी मांडता येतील. पहिल्या चाळीस सेकंदांत कालामांचा प्रश्न ऐकणाऱ्याचा प्रश्न व्हायला हवा. ‘आदरणीय व्यासपीठ’ किंवा ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ म्हणून सुरुवात करू नये, कारण ऐकणारा घरात एकटा आहे. थेट म्हणावे : “एकाच आजारावर तुमच्या मोबाईलवर दोन उलट सल्ले आले. कोणता खरा मानाल? केसपुत्तच्या कालामांपुढे असाच पेच होता.” वंदनीय प्रतिमा वक्त्याच्या मागे दिसाव्यात, म्हणजे आदरही राहतो आणि वेळही वाचतो.

पुढची तीन मिनिटे दहा आधारांसाठी. विहारात दहाही सावकाश सांगता येतात, कारण लोक बोटांवर मोजतात. व्हिडिओत चौथ्या-पाचव्यापर्यंत लक्ष सुटते. म्हणून त्यांचे तीन गट करावेत. पहिले चार बाहेरून आलेल्या गोष्टींचे : ऐकीव माहिती, परंपरा, लोक म्हणतात ते, ग्रंथातले वचन. पुढचे चार आपल्या डोक्यातले : तर्क, अनुमान, वरवरचा विचार, आपल्या मताशी जुळणे. शेवटचे दोन बोलणाऱ्या माणसाचे : तो योग्य वाटतो म्हणून, तो आपला गुरू आहे म्हणून. प्रत्येक गटाला एकच उदाहरण द्यावे. तिसऱ्या गटाला वक्त्याने स्वतःचेच द्यावे : “मी चिवर घालून किंवा पांढऱ्या वस्त्रात तुमच्यासमोर बोलतो आहे, एवढ्यासाठी माझेही मानू नका.” व्हिडिओत वक्ता एकटाच, ठळक, मोठा दिसतो. म्हणून हे वाक्य तिथे विहारापेक्षाही अधिक गरजेचे आहे.

नंतरची तीन मिनिटे देसनेचा गाभा. माणसाच्या मनात लोभ उत्पन्न होतो तो त्याच्या हिताचा की अहिताचा, असे तथागत विचारतात. कालाम म्हणतात, अहिताचा. मग लोभाने पछाडलेला माणूस हत्या करतो, चोरी करतो, परस्त्रीकडे जातो, खोटे बोलतो आणि इतरांनाही तसे करायला लावतो, हे ते मान्य करतात. यातली पहिली चार म्हणजे पंचशीलातली पहिली चार शीले मोडणे होय. हा दुवा ऐकणाऱ्याला सांगावा. जे शील तो रोज म्हणतो, त्यामागचे कारण त्याला इथे सापडते. द्वेष आणि मोह यांनाही हीच पद्धत लागू आहे, आणि अलोभ, अद्वेष, अमोह हिताचे आहेत, हे दोन वाक्यांत सांगून पुढे जावे.

इथे प्रश्न विचारल्यावर खरोखर थांबावे, चार सेकंद. वक्त्याला हा थांबा अवघड जातो, कारण समोरून उत्तर येत नाही. मग तो स्वतःच “बरोबर ना?” म्हणून पुढे जातो आणि ऐकणाऱ्याचे उत्तर मनातच राहते. संपादन करणारा मुलगाही ही शांतता रिकामी समजून काढून टाकतो, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवावे. त्या चार सेकंदांत प्रश्न मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवावा, नाहीतर व्हिडिओ अडकला असे वाटते. शेवटच्या सव्वा मिनिटात आठवड्याभरासाठी एकच काम द्यावे : आलेला एक संदेश पुढे पाठवण्याआधी तो लोभ, द्वेष की मोह वाढवतो, हे तपासा.

श्रोता नसण्यावर आणखी एक उपाय म्हणजे कॅमेऱ्यामागे एक खरा माणूस बसवणे. मोबाईल डोळ्यांच्या उंचीला आडवा लावावा आणि लगेच मागे असा कोणी बसवावा, ज्याने हे सुत्त ऐकलेले नाही. वक्ता कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहून बोलतो, तरी त्या माणसाची हालचाल त्याला जाणवते आणि आवाज भाषणाचा न राहता बोलण्याचा होतो. तो माणूस जिथे चुळबूळ करतो, तिथला परिच्छेद कापण्याजोगा असतो. फरशीच्या रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, म्हणून कॉलरचा माइक लावावा, पंखा बंद ठेवावा. चित्र जरा अंधूक असले तरी लोक ऐकतात, आवाज घुमला तर बंद करतात.

व्हिडिओ जमला की नाही, हे किती जणांनी उघडला यावरून कळत नाही. प्रेक्षक कुठे सोडून गेले याचा आलेख यूट्यूब स्टुडिओमध्ये दिसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात आलेख कोसळला तर सुरुवात लांबली. दोन-तीन मिनिटांवर घसरला तर दहा आधारांची यादी झाली, उदाहरणे कमी पडली. एखाद्या जागी उंचवटा असेल तर लोकांनी मागे जाऊन तो भाग पुन्हा ऐकला. तो महत्त्वाचा वाटला असेल किंवा समजला नसेल. यातले काय, हे आलेख सांगू शकत नाही. मोजकेच लोक पाहणार असतील, तर आलेखापेक्षा दोघा-तिघांना फोन करून विचारावे : लोभाच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले? ज्याला उत्तर आठवते, त्याच्यापर्यंत सुत्त पोहोचले. ज्याला फक्त ‘कशावर विश्वास ठेवू नका’ एवढेच आठवते, त्याच्यापर्यंत अर्धेच पोहोचले.

एक उणीव मात्र कोणत्याही संपादनाने भरून येत नाही. कालामांनी वेगळे उत्तर दिले असते तर तथागतांनी पुढचा प्रश्न बदलला असता. रेकॉर्ड केलेला वक्ता ते करू शकत नाही. त्यामुळे व्हिडिओच्या शेवटी रविवारच्या विहारातल्या चर्चेची वेळ सांगावी आणि तिथे पुन्हा तेच प्रवचन न देता प्रश्नांनीच सुरुवात करावी. आठ मिनिटांचे सुत्त लोकांनी घरी ऐकलेले असते. विहारातला पाऊण तास त्यांच्या उत्तरांसाठी मोकळा राहतो.