कॉलमचं पोट का सुटतं?

इमारतीच्या पार्किंगमध्ये कॉलमच्या खालच्या भागावरून हात फिरवला, तर कधी कधी एक फुगवटा लागतो. साइटवर म्हणतात, कॉलमचं पोट सुटलं. ते काँक्रीट ओलं असतानाच सुटलेलं असतं.

600 मिलिमीटर चौरस आणि साडेचार मीटर उंच कॉलम घेऊ. पंपाने तो दहा-पंधरा मिनिटांत भरतो. तळाचं काँक्रीट घट्ट व्हायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून ते तळापर्यंत द्रवासारखंच वागतं आणि बाजूंना रेटतं. द्रवाचा दाब फक्त खोलीवर ठरतो. घनमीटरला अडीच टन धरले तर तळाशी दाब होतो चौरस मीटरला सव्वाअकरा टन. या कॉलममधल्या सगळ्या काँक्रीटचं वजन जेमतेम चार टन, पण शटरिंगच्या प्रत्येक बाजूवर मिळून पंधरा टनांचा रेटा येतो. बारीक कॉलमचं शटरिंग हलकं चालेल, हा समज म्हणूनच घातक आहे. कॉलम बारीक केला तरी चौरस मीटरमागचा दाब तोच राहतो.

हा रेटा प्लायवरून उभ्या बॅटनवर, बॅटनवरून आडव्या वेलरवर आणि शेवटी वेलरच्या दोन टोकांच्या टाय रॉडवर जातो. तळाशी वेलर 30 सेंटिमीटरवर असतील तर एका वेलरवर दोन टन येतात, म्हणजे एका रॉडवर एक. अंतर 60 केलं की रॉडवरचा भार दुप्पट होतो. बॅटनचा वाक मात्र सोळापट होतो, कारण तो अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. रॉड टिकला तरी पोट सुटतं ते यामुळेच. वर दाब कमी असतो. माथ्यापासून अडीच मीटर खाली 50 सेंटिमीटरचं अंतर ठेवलं तरी वेलरवर दोन टनांहून कमीच येतात. म्हणून वेलर खाली दाट आणि वर विरळ हवेत. सगळीकडे सारखं अंतर दिसायला नीटनेटकं असतं, पण माझ्या मते ती हिशेब न केल्याची खूण आहे.

सावकाश भरलं तर खालचं काँक्रीट आवळत जातं आणि दाब पूर्ण खोलीइतका वाढत नाही. पण थंडीत, किंवा काँक्रीट उशिरा आवळावं म्हणून रसायन घातलेलं असताना, हा फायदा कमी होतो. व्हायब्रेटर खालच्या थरात खोल घुसवला, तर आवळू लागलेलं काँक्रीट पुन्हा पातळ होतं. उंच कॉलमला मी पूर्ण खोलीचाच दाब धरीन.

भरताना कोपऱ्यातून सिमेंटचं पाणी झिरपू लागलं, तर खालची पकड सैल पडते आहे असं समजावं. शटरिंगबाहेर ताणलेल्या दोरीपासून प्लायचं अंतर कमी होताना दिसलं, तर पंप लगेच थांबवावा आणि माणसं बाजूला घ्यावीत. तेव्हा नट आवळून पोट आत ढकलायला कुणी जाऊ नये. आधीच ताणलेला रॉड तुटला तर सगळं काँक्रीट त्याच बाजूला येतं.