अ‍ॅपचा बिघाड कोणता, लोकांची मागणी कोणती?

समजा, बसचं तिकीट काढायच्या एका अ‍ॅपवरच्या अभिप्रायांचे वीस स्क्रीनशॉट हाती आले आहेत आणि लोकांचं म्हणणं एका पानात मांडायचं आहे. सुरुवात साध्या तक्त्यापासून करावी: तारीख, तारे आणि मजकूर. यादी खाली सरकवत काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एका चित्रातला शेवटचा अभिप्राय पुढच्या चित्रात पुन्हा येतो. नाव आणि तारीख जुळली, तर तो एकदाच धरायचा. काही स्क्रीनशॉटमध्ये लांब अभिप्राय अर्धवट दिसतात. त्यांचा उरलेला भाग अंदाजाने भरू नये, ‘अपूर्ण’ एवढीच नोंद करावी.

आता एक अभिप्राय पाहू. ‘अ‍ॅप छान आहे. पण यूपीआयने पैसे कापले आणि तिकीट आलं नाही. सीट निवडायची सोय पण द्या.’ खाली चार तारे. इथे एकाच माणसाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, म्हणून तक्त्यात दोन ओळी होतात. पैसे जाऊन तिकीट न मिळणं हा बिघाड, सीटची निवड ही मागणी. फक्त तारे पाहणाऱ्याला हा अभिप्राय समाधानी ग्राहकाचा वाटेल आणि सगळ्यांत गंभीर बिघाड नजरेतून सुटेल.

खरी कसोटी लागते ती ‘तिकीट डाउनलोड होत नाही’ अशा वाक्याला. नुसत्या शब्दांवरून याचा निकाल लागत नाही, अ‍ॅप उघडूनच पाहावं लागतं. डाउनलोडचं बटण आहे, पण दाबल्यावर काहीच होत नाही, तर तो बिघाड. बटणच नाही, तर ती मागणी. बटण नीट चालतं, पण तीन पडद्यांच्या आत दडलेलं आहे, तर दोष मांडणीचा, आणि त्याचा कप्पा वेगळा. थोडक्यात, अ‍ॅपने देऊ केलेली गोष्ट मिळाली नाही की बिघाड, देऊच केली नव्हती ती हवी असेल तर मागणी. ‘बस दोन तास उशिरा आली’ ही तक्रार खरी असली, तरी ती बससेवेची आहे. ती यापैकी कुठेच घालू नये.

मग सारखे मुद्दे एकत्र करावेत. ‘पेमेंटच्या अडचणी’ हे शीर्षक फार ढोबळ आहे. ‘यूपीआयने पैसे कापले जातात, तिकीट येत नाही, सात जण, सगळे १२ तारखेनंतरचे’ असं लिहिलं, की दुरुस्ती करणारा त्या सुमाराला आलेलं अपडेट आधी तपासतो. सोबत ग्राहकाचं एक वाक्य जसंच्या तसं द्यावं.

मात्र या आकड्यांवरून टक्केवारी काढू नये. स्क्रीनशॉट कुणीतरी निवडून काढलेले असतात. अमुक बिघाड होतो एवढं त्यांतून कळतं. तो किती जणांना होतो, हे पेमेंटच्या नोंदींतूनच शोधावं लागतं.