ग्रुप फोटोतले मिटलेले डोळे उघडताना

माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते आणि दर वेळी डोळा सेकंदाचा लहानसा अंश झाकलेला राहतो. एकट्याच्या फोटोत हे क्वचितच आड येतं. पण लग्नात पंधरा जण ओळीने उभे राहिले की त्या क्षणी कुणाची तरी पापणी खाली असण्याची शक्यता बरीच वाढते. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं गणितच मांडलं. वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला तीनने भागून येईल तेवढे फोटो काढावेत. उजेड कमी असेल तर दोनने भागावं. म्हणजे मग निदान एका फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची जवळजवळ खात्री असते. या कामासाठी त्यांना २००६ मध्ये गणिताचं इग नोबेल मिळालं.

पंधरा जणांचे पाच फोटो काढले, असं समजू. तिसऱ्यात सगळे छान हसताहेत, फक्त मधल्या खुर्चीवर बसलेल्या आजीचे डोळे मिटलेत. चौथ्यात आजीचे डोळे उघडे आहेत, पण मागच्या रांगेतली दोन मुलं भलतीकडेच बघताहेत. अशा वेळी तिसरा फोटो मूळ धरायचा आणि चौथ्यातून आजीचे डोळे घ्यायचे.

फोटोशॉपमध्ये `File > Scripts > Load Files into Stack` मधून दोन्ही फोटो एकाच फाइलमध्ये, एकावर एक लेयर म्हणून आणता येतात. चौथा फोटो वर ठेवायचा. हातात धरलेला कॅमेरा दोन क्लिकमध्ये किंचित हललेला असतोच, म्हणून दोन्ही लेयर निवडून `Edit > Auto-Align Layers` चालवायचं. आता वरच्या लेयरला काळा मास्क लावला की तो लेयर पूर्ण दिसेनासा होतो. मग मऊ कडेचा ब्रश घेऊन, मास्कवर आजीच्या डोळ्यांच्या जागी पांढरा रंग फिरवायचा. जिथे पांढरं होईल तिथेच चौथा फोटो दिसू लागतो. जास्त रंगवलं गेलं तर काळ्या रंगाने मागे घेता येतं, मूळ फोटोला धक्का लागत नाही.

इथे बहुतेकांचं एक चुकतं. फक्त बुबुळ आणि पांढरा भाग तेवढा उघडला, तर चेहरा दचकल्यासारखा दिसतो. डोळा मिटताना पापणीची घडी उलगडते, भुवई जराशी खाली येते, डोळ्याखालची कातडी आवळते. म्हणून भुवईपासून गालाच्या वरच्या कडेपर्यंतचा भाग एकत्र घ्यावा आणि दोन्ही डोळे एकाच फोटोतून घ्यावेत. चष्मा असेल तर काचेतली चमक आणि फ्रेमची कड जुळावी म्हणून अख्खा चष्माच आणावा.

कॅमेऱ्याचं हलणं जुळलं तरी आजीने मान हलवलेली असू शकते. मग चौथ्या फोटोतला तो भाग थोडा सैल कापून `Ctrl+J` ने वेगळ्या लेयरवर घ्यायचा, त्याची ओपॅसिटी ५० टक्क्यांवर आणायची आणि `Ctrl+T` ने सरकवत, किंचित फिरवत डोळ्यांचे आतले कोपरे नि नाकाचा वरचा भाग खालच्या चेहऱ्याशी जुळवायचा. नंतर ओपॅसिटी पुन्हा १०० टक्के करून कडा मास्कने मऊ करायच्या. मान बरीच वळलेली असेल, तर डोळे कितीही फिरवले तरी बसणार नाहीत. तेव्हा अख्खं डोकंच आणणं बरं. त्यात केस, मान आणि मागच्या माणसाचा खांदाही जुळवावा लागतो, ही तयारी ठेवावी.

काम जमलं की नाही, हे तीन गोष्टींवरून कळतं. बुबुळातला उजेडाचा ठिपका शेजारच्या माणसाच्या डोळ्यात ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला हवा. आजीची नजर कॅमेऱ्याकडे हवी. आणि १०० टक्के मोठं करून पाहिलं, तर डोळ्यांची सुस्पष्टता गालाच्या कातडीइतकीच हवी. एका फोटोत फ्लॅश उडाला आणि दुसऱ्यात नाही, असं असेल तर उजेडातला फरक नीट मिटत नाही. तसाच मागच्या वर्षीच्या दुसऱ्या फोटोतला डोळाही इथे बसत नाही, कारण उजेड आणि चेहऱ्याचा कोन दोन्ही वेगळे असतात.

म्हणून खरी तयारी फोटो काढतानाच करावी. एकाच जागी उभं राहून, झूम न बदलता, लागोपाठ चार-पाच फोटो घ्या. आणि फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा, की अल्बम हातात येईपर्यंत बिघडलेले वाटणारे फोटोही पुसू नयेत.