पाटी एसयूव्हीची, मापं कोणाची?

मारुतीच्या नेक्सा शोरूममध्ये बलेनो आणि फ्रॉन्क्स या दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या असतात. एकीला ‘प्रीमियम हॅचबॅक’ म्हणतात, दुसरीला ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’. ऐकणाऱ्याला साहजिकच वाटतं, की दुसरी गाडी एका वर्गाने मोठी असणार. आता दोघींची मापं बघा. बलेनोची लांबी ३,९९० मि.मी., फ्रॉन्क्सची ३,९९५. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते दोघींचं अगदी सारखं, २,५२० मि.मी. फ्रॉन्क्स ५० मि.मी. उंच आहे आणि जमिनीपासून थोडी जास्त वर आहे, हे खरं. पण डिकी? बलेनोची ३१८ लिटर आणि फ्रॉन्क्सची ३०८. म्हणजे ज्या गाडीला एसयूव्ही म्हणतात, तिच्यात सामानाची जागा उलट थोडी कमीच.

यात कोणी फसवणूक केलेली नाही. फ्रॉन्क्स बलेनोच्याच सांगाड्यावर बेतलेली आहे, आणि उंच बॉनेट, दांडगा चेहरा, खड्ड्यांतून जाताना खालून घासण्याची कमी भीती, हे सगळं हवं असेल तर ती चांगली निवड आहे. पण जागा जास्त मिळेल म्हणून तिच्यासाठी वरचे पैसे मोजणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते पैसे चुकीच्या कारणासाठी जातात. ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’, ‘मिड-साइज’, ‘क्रॉसओव्हर’ ही नावं विकणाऱ्यांनी ठेवलेली असतात. गाडी कमीत कमी किती मोठी असली तर तिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणायचं, हे सांगणारा कायदा नाही.

कायद्याने आखलेली एक रेघ मात्र आहे, आणि आपल्या रस्त्यावरच्या निम्म्याअधिक गाड्यांचा आकार त्या रेघेने ठरवला आहे. ती म्हणजे चार मीटर. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. छोटी गाडी म्हणजे ४,००० मि.मी.पेक्षा जास्त लांब नसलेली आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत असलेली. तेव्हापासून कंपन्या गाड्या ३,९९० ते ३,९९९ मि.मी.मध्ये बसवायला लागल्या. ब्रेझा ३,९९५, नेक्सॉन ३,९९५, सोनेट ३,९९५, कायलॅक ३,९९५: हा योगायोग नाही, कराचा हिशेब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, तेव्हाही ही रेघ तशीच राहिली. रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के. शिवाय लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात. १,४६२ सीसीची पेट्रोल ब्रेझा लांबीत बसते, पण इंजिनात अडकते आणि ४० टक्क्यांत जाते. म्हणजे शोरूममधल्या एकाच रांगेत, एकाच नावाच्या वर्गात उभ्या असलेल्या दोन गाड्यांवरचा कर वेगळा असू शकतो.

या रेघेसाठी गाडी कुठून कापली जाते, हे ग्राहकाने समजून घ्यायला हवं. २००८ मध्ये आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४,१६० मि.मी. लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ ची दुसरी डिझायर ३,९९५ मि.मी.ची झाली. व्हीलबेस उलट ४० मि.मी.नी वाढला होता, त्यामुळे आत बसणाऱ्याचं काही गेलं नाही. कात्री चालली ती मागच्या चाकाच्या पलीकडे, आणि डिकी ३१६ लिटरवर आली. चार मीटरच्या आतल्या बहुतेक गाड्यांना हेच लागू आहे: माणसांची जागा शक्यतो राखायची, बॅगांची कमी करायची. त्यातून सीएनजीचं सिलिंडर नेहमीच्या पद्धतीने डिकीत बसवलेलं असेल, तर तिथे उरतं ते एखाद्या छोट्या पिशवीपुरतं. सीएनजी घ्यायची असेल तर ब्रोशरमधल्या लिटरवर जाऊ नका, सीएनजीचीच गाडी मागवून तिची डिकी उघडून बघा.

ए, बी, सी या अक्षरांचंही असंच आहे. होंडा सिटीला आपल्याकडे सी-सेगमेंट सेडान म्हणतात, तर युरोपच्या हिशेबात त्या घडणीची गाडी बी वर्गात मोडते. परदेशी चॅनेलवरचं परीक्षण ऐकून इथल्या वर्गाशी ताडून पाहणाऱ्याचा म्हणून गोंधळ होतो.

मग बघायचं काय? माझ्या मते तीनच मापं, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. व्हीलबेसवरून गुडघ्यांच्या जागेचा अंदाज येतो. रुंदीवरून मागे तीन माणसांचे खांदे बसतील का, ते कळतं. मागच्या चाकापलीकडे गाडी किती पुढे जाते, त्यावर डिकी अवलंबून असते. या तिघांची गल्लत झाली की चुकीच्या वर्गात खरेदी होते. सर्वांत जास्त होणारी गल्लत ब्रेझा आणि क्रेटा यांच्यात दिसते. क्रेटा ४,३३० मि.मी. लांब, म्हणजे ब्रेझापेक्षा ३३५ मि.मी. जास्त. व्हीलबेस २,६१० विरुद्ध २,५००. डिकी ४३३ लिटर विरुद्ध ३२८. इथपर्यंत क्रेटा खरोखर वरच्या वर्गातली आहे. पण रुंदी? दोन्हींची १,७९० मि.मी. नेक्सॉन तर १,८०४, म्हणजे क्रेटापेक्षा रुंद. सेगमेंट वर चढल्यावर गुडघे मोकळे होतात, बॅगा मावतात. खांद्यांसाठी मात्र कागदावर तरी काहीच मिळत नाही.

माझ्या ताईच्या घरी नेमकं हेच घडलं. घरात पाच माणसं: ताई, भावोजी, तिच्या सासूबाई आणि उंचीने बापाला गाठलेली दोन मुलं. पाचहीजण एकत्र गावी जातात. जुन्या हॅचबॅकमध्ये मागे तिघांचे खांदे एकमेकांवर चढायचे, म्हणून यावेळी ‘एसयूव्हीच घ्यायची’ असं ठरलं होतं. यादीत फ्रॉन्क्स, ब्रेझा आणि क्रेटा. शोरूममधला विक्रेता सांगत होता, “मॅडम, ही एक सेगमेंट वरची आहे. पाचजण आरामात बसतील.”

आम्ही टेप घेऊन गेलो होतो. आधी भावोजींना चालवायच्या सीटवर बसवून सीट त्यांच्या सवयीप्रमाणे लावली, मगच मागे बसलो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण शोरूममध्ये पुढची सीट बहुतेक वेळा पुढे सरकवून ठेवलेली असते आणि मागची जागा आहे त्याहून मोठी भासते. मग मागच्या सीटवर दोन्ही मुलं आणि मध्ये सासूबाई. दारं लावून घेतली, तिघांनी पट्टे बांधले आणि तसेच दहा मिनिटं बसून राहिले. क्रेटात गुडघ्यांना ब्रेझापेक्षा स्पष्ट मोकळीक होती. खांद्यांना नव्हती. सीटची बैठक दोन्ही बाजूंना खोलगट आणि मध्ये उंच, त्यामुळे मधल्या माणसाची पाठ अवघडलेली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, महाग गाडीतसुद्धा मला दोघांच्या मध्येच कोंबणार का?”

त्या एका वाक्याने यादी बदलली. या घराचा प्रश्न गाडी उंच किंवा मोठी हवी हा नव्हता, एका सीटवर तिघांनी बसायचं नाही हा होता. म्हणजे त्यांना एसयूव्ही नको होती, तीन रांगांची गाडी हवी होती. मारुतीच्याच दुसऱ्या शोरूममध्ये अर्टिगा पाहिली. लांबी सुमारे ४.४ मीटर, क्रेटापेक्षा जेमतेम जास्त, रुंदी १,७३५, म्हणजे उलट कमी, व्हीलबेस २,७४०. पुढे दोघं, मधल्या रांगेत सासूबाई आणि एक मुलगा, तिसऱ्या रांगेच्या अर्ध्या भागात दुसरा. ती रांग अर्धी-अर्धी दुमडते, त्यामुळे उरलेल्या अर्ध्या भागात बॅगा. मधली रांग थोडी पुढे सरकवली की मागच्याचे गुडघेही बसतात. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाने सात-आठ तास बसावं असं मी म्हणणार नाही, मांड्यांना आधार कमी मिळतो. पण दोघं मुलं वाटेत जागा बदलून घेऊ शकतात. सातही सीट भरल्या, तर मात्र सामानाला फारच थोडी जागा उरते, हेही ताईला आधीच सांगितलं.

घरी परत आल्यावर पार्किंग मोजलं. दोन खांबांमधलं अंतर २.४ मीटर. १,७३५ मि.मी. रुंदीची गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना तेहतीस सेंटीमीटर उरतात, आणि तेवढ्यात दार नीट उघडत नाही. डाव्या खांबाला खेटून लावली तर उजवीकडे साठच्या आसपास मिळतात आणि चालवणारा उतरू शकतो. बाकीच्यांनी आधीच बाहेर उतरायचं. ब्रोशरमधल्या रुंदीत बाजूचे आरसे सहसा धरलेले नसतात, तेव्हा फाटक अरुंद असेल तर आरशांसकट गाडी मोजा. यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल तर त्यावर उंची, रुंदी आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय कोणत्याही उंच गाडीचं बुकिंग करू नका.

ज्यांच्या घरी चारच माणसं आहेत, त्यांचं उत्तर पूर्ण वेगळं येऊ शकतं. वॅगनआर ३,६५५ मि.मी. लांब आहे, फ्रॉन्क्सपेक्षा ३४० मि.मी.नी आखूड. तरी तिची डिकी ३४१ लिटरची, कारण गाडी उभट आहे आणि सामान वर रचता येतं. रुंदी फक्त १,६२०, त्यामुळे मागे तिघं खरंच दाटीने बसतात. दोघांसाठी मात्र ती ऐसपैस आहे आणि वयस्कर माणसाला न वाकता आत बसता येतं. तिला एसयूव्ही म्हणत नाहीत, एवढ्याच कारणासाठी अनेकजण तिच्याकडे बघतही नाहीत.

चार मीटरच्या आतल्या गाडीचं सर्वांत वरचं मॉडेल आणि मधल्या वर्गातल्या गाडीचं सर्वांत खालचं मॉडेल यांच्या किमती बऱ्याचदा एकमेकींत शिरतात. तिथे सनरूफ आणि मोठा स्क्रीन एका बाजूला, आणि गुडघ्यांची जागा व डिकी दुसऱ्या बाजूला, असा सरळ सौदा असतो. घरातली माणसं उंच असतील आणि प्रवास लांबचे असतील, तर मी डोळे झाकून जागा घेईन.

तेव्हा बुकिंगची रक्कम भरण्याआधी घरच्या सगळ्यांना शोरूममध्ये घेऊन जा. ज्या माणसाला मधल्या सीटवर बसायचं आहे, त्याला तिथे बसवा, नेहमीच्या बॅगा डिकीत ठेवून झाकण लावून पाहा, आणि सेगमेंटचं नाव त्यानंतरच विचारा.