१२६ चे २६ होऊ नयेत म्हणून

गच्चीवर पाण्याची टाकी, तळमजल्यावर हौद आणि पंप. टाकीपाशी बसवलेला एक छोटा बोर्ड पाण्याची पातळी मोजतो आणि तारेवरून खाली कळवतो. खालचा बोर्ड त्यावरून पंप चालू किंवा बंद करतो. दोन आर्डुइनो नॅनो आणि एक केबल एवढ्यावर हे काम टेबलावर अर्ध्या तासात चालू होतं. वरचा बोर्ड दर सेकंदाला पातळी सेंटिमीटरमध्ये लिहून पाठवतो, `126`, आणि शेवटी ओळ संपल्याची खूण. खालचा ती ओळ वाचतो आणि आकडा १२० च्या वर गेला की पंप बंद करतो.

तीच जोडणी इमारतीत नेली की केबल जिन्यातून, विजेच्या वायरींच्या शेजारून जाते. पंपाची मोटर चालू-बंद होताना त्या तारेत क्षणभर गोंधळ माजतो आणि एखादं अक्षर खराब होतं किंवा गळतं. `126` मधला `1` गळाला तर `26` उरतं. मला यात सर्वांत धोकादायक वाटतं ते हे, की २६ हा आकडा कुठूनही चुकीचा दिसत नाही. कचरा आला असता तर प्रोग्रामला संशय तरी आला असता. इथे मात्र खालचा बोर्ड टाकी रिकामी समजतो आणि भरलेल्या टाकीत पाणी सोडतो.

तारेवरून नेमकं काय जातं ते आधी पाहू. सिरीयल जोडणीत स्वस्थ बसलेली तार वरच्या व्होल्टेजवर असते. एक बाइट पाठवायचा तर तार एका बिटापुरती खाली येते, ही सुरुवातीची खूण. मग आठ बिट जातात, सर्वांत लहान किमतीचा बिट आधी, आणि शेवटी तार एका बिटापुरती वर राहते. वेग ९६०० ठेवला तर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि दहा बिटांचा हा एक बाइट साधारण एका मिलिसेकंदात पोहोचतो. घड्याळाची वेगळी तार नसते. दोन्ही बोर्ड आपापल्या घड्याळावर विसंबून बिट मोजतात. म्हणून दोन्हीकडचा वेग सारखा लागतो. वेग वेगळा असेल तर कचरा दिसतो, पण तोच संदेश पाठवला की बहुतेक वेळा तसाच कचरा येतो. यावरून दोष ओळखता येतो. कचरा दर वेळी निराळा येत असेल तर आधी दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एकमेकांना जोडलं आहे का ते बघावं. एकाचं टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला, हे सगळे लक्षात ठेवतात. ग्राउंडची तिसरी तार राहून जाते.

गच्चीपर्यंतच्या लांब केबलवर बोर्डाच्या पिना थेट जोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे, मॅक्स ४८५ चिप असलेले छोटे मोड्यूल लावावेत. ते बिट दोन पिळलेल्या तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकाने पाठवतात, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंधळ बराचसा आपोआप वजा होतो. पण बराचसा म्हणजे सगळा नव्हे. म्हणून पुढचं काम प्रोग्रामलाच करावं लागतं.

या जोडणीवरून फक्त बाइट येतात. संदेश कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे तारेला ठाऊक नसतं. मोडीतला मजकूर शब्द न तोडता सलग लिहीत, तसा हा बाइटांचा सलग प्रवाह असतो आणि तोडायचा कुठे हे वाचणाऱ्याने ठरवायचं. पुष्कळ प्रोग्राममध्ये यावर एक सोपी युक्ती दिसते: संदेश चार बाइटांचा आहे ना, मग चार बाइट जमले की वाचायचे. एक बाइट गळाला की पुढच्या संदेशाचा पहिला बाइट या संदेशाचा चौथा ठरतो आणि तिथून पुढचं सगळं एका घराने सरकतं. बोर्ड रीसेट करेपर्यंत ते जागेवर येत नाही. रीसेट केल्यावर चालतं आणि काही तासांनी पुन्हा बिघडतं अशी तक्रार असेल, तर संशय आधी इथे घ्यावा.

यावर उपाय म्हणजे संदेशाला चौकट घालणं. एक बाइट केवळ सीमेसाठी राखून ठेवायचा. आपण `0x7E` घेऊ. डायल-अप इंटरनेटच्या काळापासून वापरात असलेल्या पीपीपी या पद्धतीतही तोच आहे. प्रत्येक संदेशाच्या आधी आणि नंतर `7E`. कितीही गोंधळ झाला तरी पुढचा `7E` दिसला की वाचणारा पुन्हा ताळ्यावर येतो.

पण पातळी आता आकडा लिहून न पाठवता एका बाइटात पाठवायची, तर १२६ हा आकडा सोळाच्या पद्धतीत नेमका `7E` आहे! पाणी १२५ सेंटिमीटरपर्यंत सगळं सुरळीत, १२७ लाही सुरळीत, आणि १२६ ला मात्र संदेश मधेच तुटतो. ही चूक एका विशिष्ट आकड्यालाच दिसते, म्हणून चाचणीत सहसा सापडत नाही. यासाठी दुसरा एक बाइट राखायचा, `7D`. मजकुरात `7E` आला तर त्याऐवजी `7D 5E` पाठवायचे, आणि खुद्द `7D` आला तर `7D 5D`. नियम एकच आहे: `7D` लिहा आणि पुढचा बाइट `20` शी एक्सॉर करून लिहा. वाचणारा `7D` दिसला की तो टाकून देतो आणि पुढचा बाइट पुन्हा `20` शी एक्सॉर करून मूळ रूपात आणतो. आता तारेवर दिसणारा `7E` सीमेसाठीच असणार.

आता बाइट खरे आहेत का हे तपासणं उरलं. सगळ्या बाइटांची बेरीज करून ती शेवटी जोडणं ही जुनी पद्धत आहे, पण ती फसते. दोन बाइटांची अदलाबदल झाली किंवा एक जितका वाढला तितकाच दुसरा घटला तर बेरीज तीच राहते. त्यापेक्षा सीआरसी घ्यावी. यात सगळा संदेश एक लांबलचक द्विमान संख्या समजून तिला एका ठरलेल्या संख्येने भागतात, हातचा न घेता, आणि बाकी जोडून पाठवतात. ही कल्पना डब्ल्यू. वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडली. एका बाइटाची बाकी काढायला एवढा प्रोग्राम पुरतो:

```c
uint8_t crc8(const uint8_t *p, uint8_t n) {
  uint8_t c = 0;
  while (n--) {
    c ^= *p++;
    for (uint8_t i = 0; i < 8; i++)
      c = (c & 0x80) ? (c << 1) ^ 0x07 : (c << 1);
  }
  return c;
}
```

हा बरोबर उतरला का ते पाहायला `123456789` ही नऊ अक्षरं त्याला द्यावीत. उत्तर `F4` आलं पाहिजे. दोन्ही बोर्डांवर ही चाचणी आधी करावी.

आता खराखुरा संदेश बांधू. पहिला बाइट संदेशाचा प्रकार, पातळी म्हणजे `01`. दुसरा अनुक्रमांक, समजा `05`. तिसरा पातळी, `7E`. या तिन्हींची सीआरसी येते `57`. मजकुरातल्या `7E` चे दोन बाइट केले की तारेवर जातं ते असं:

```
7E 01 05 7D 5E 57 7E
```

सात बाइट, सात-आठ मिलिसेकंद. आता वाटेत `5E` चा एकच बिट उलटा झाला आणि तो `1E` झाला असं धरा. वाचणारा तो `20` शी एक्सॉर करून `3E` काढतो, म्हणजे ६२ सेंटिमीटर. पुन्हा तोच प्रकार, विश्वास बसेल असा खोटा आकडा. पण `01 05 3E` ची सीआरसी `90` येते आणि संदेशात `57` आहे. संदेश टाकून दिला जातो. आणि `5E` चा दुसराच बिट उलटून त्याचा `7E` झाला तर? मग `7D` च्या पाठोपाठ सीमा आली, जे कधीच होऊ नये. तो तुकडा रद्द. उरलेला `57` एकटाच दोन सीमांमध्ये सापडतो, संदेश होण्याइतका मोठा नसतो, म्हणून तोही रद्द. त्याच्या पुढचा संदेश मात्र व्यवस्थित वाचला जातो.

आठ बिटांच्या या सीआरसीतून एका बिटाची चूक सुटत नाही. पण निव्वळ कचरा आला तर २५६ मध्ये एकदा तो योगायोगाने खरा ठरू शकतो. म्हणून लांबी आणि प्रकारही तपासावेत, आणि लागोपाठ दोन संदेशांनी टाकी रिकामी असल्याचं सांगितल्यावरच पंप चालू करावा. संदेश लांब असतील तर सोळा बिटांची सीआरसी घ्यावी.

सीआरसी चूक पकडते, दुरुस्त करत नाही. मग हरवलेला संदेश पुन्हा पाठवायचा का? पातळीच्या बाबतीत माझं उत्तर नाही असं आहे. सेकंदाभरात नवा आकडा येणारच आहे, तर जुना पुन्हा मागण्यात अर्थ नाही. पण खालून वर ‘व्हॉल्व्ह बंद कर’ असा हुकूम जात असेल तर पोच हवीच. वरचा बोर्ड त्याच अनुक्रमांकाची पोच पाठवतो. शंभर मिलिसेकंदांत ती आली नाही तर खालचा हुकूम पुन्हा पाठवतो, तीनदा जमलं नाही तर दिवा लावतो. कधी हुकूम पोहोचतो आणि पोचच हरवते. तेव्हा तोच अनुक्रमांक दुसऱ्यांदा दिसला की वरच्या बोर्डाने नुसती पोच पुन्हा द्यायची, काम पुन्हा करायचं नाही. हुकूमही ‘बंद कर’ असाच असावा. ‘आहे त्याच्या उलट कर’ असा कधीच नसावा.

आरएस-४८५ वर दोन्ही बोर्ड एकाच जोडतारेवर बोलतात, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचं. पाठवण्याआधी मोड्यूलची डीई पिन वर करायची आणि पाठवून झाल्यावर खाली. इथे एक खाचखळगा आहे. `Serial.write()` परत येतं तेव्हा बाइट तारेवरून गेलेले नसतात, ते रांगेत उभे असतात. लगेच डीई खाली केली तर संदेशाचं शेपूट कापलं जातं आणि तारा अगदी बरोबर जोडलेल्या असूनही प्रत्येक संदेश बाद होतो. `Serial.flush()` ने शेवटचा बिट जाईपर्यंत थांबावं आणि मगच डीई खाली करावी.

खालच्या बोर्डाने दोन आकडे सतत मोजत राहावं: किती संदेश नीट आले आणि किती सीआरसीत बाद झाले. बाद होणाऱ्यांचा आकडा फक्त पंप चालू-बंद होताना वाढत असेल तर केबलची वाट बदलावी. तो एकसारखा वाढत असेल तर वेग किंवा डीई पाहावी. दोन्ही आकडे जागचे हलत नसतील तर तार तुटली आहे किंवा वरचा बोर्ड बंद पडला आहे. अशा वेळी शेवटच्या चांगल्या आकड्यावर पंप चालू ठेवणं चूक आहे. दहा सेकंदांत एकही खरा संदेश आला नाही तर पंप बंद झालाच पाहिजे. याची चाचणी पंप चालू असताना केबल उपसूनच करावी, आणि तीही टाकी अर्धी भरलेली असताना.