हा बंद असला तरी...

खंबाटकी घाट चढताना इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्याचा एक डोळा रस्त्यावर असतो आणि दुसरा टक्क्यांवर. चढावर टक्के झरझर उतरतात. उतारावर थोडे परत मिळतात, पण गेलेले सगळे काही येत नाहीत. अशा माणसासाठी महामार्गावरच्या चार्जिंग स्टेशनांच्या साखळीला घोषवाक्य हवं असेल, तर ते काय असावं?

पहिल्या बैठकीत हमखास सुचतं ते ‘रेंजची चिंता सोडा’. नेमकं हेच टाळायला हवं. चिंता नसलेल्यालाही त्या शब्दाने ती लागते. २०१० मध्ये जनरल मोटर्सने ‘रेंज अँग्झायटी’ या शब्दांवर ट्रेडमार्क मिळवण्यासाठी अर्ज केला होता. त्यांना विकायची होती ती गाडी बॅटरी संपली की पेट्रोलच्या इंजिनावर पुढे जाणारी होती, त्यामुळे लोकांच्या मनातली धास्ती त्यांच्या पथ्यावरच पडणार होती. चार्जिंगवाल्याचं गणित उलटं आहे.

दुसरी सूचना ठरलेली: ‘चहा होईतो चार्ज!’ ऐकायला झकास, पण हिशेब करून बघा. ३० युनिटची बॅटरी, महामार्गावर पूर्ण चार्जमध्ये साधारण २०० किलोमीटर चालणारी गाडी आणि ३० किलोवॅटचा फास्ट चार्जर. दहा मिनिटांच्या चहात गाडीत जातात पाच युनिट, म्हणजे जेमतेम तेहतीस किलोमीटर. वीसवरून ऐंशी टक्क्यांवर जायला पाऊण तास धरून चालावं. ऐंशीनंतर बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी करते. बऱ्याच ठिकाणी एकाच यंत्राला दोन गन असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते आणि पाऊण तासाचा दीड तास होतो. चहाच्या भरवशावर थांबलेला माणूस जेवण उरकूनही तिथेच बसलेला असतो, आणि ते घोषवाक्य त्याला दर पाच मिनिटांनी वाचावं लागतं.

पण खरी भीती वेळेची नाहीच. याच गाडीने पुणे सोडलं. कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे मध्ये एकदा थांबणं भाग. वीस टक्के शिल्लक राहीपर्यंत गाडी १६० किलोमीटर जाईल, म्हणजे कराडच्या आसपास. तिथल्या चार्जरवर लाल दिवा. किंवा यंत्र चालू, पण पैसे भरूनही गाडीशी त्याचं जुळत नाही. किंवा सगळं ठीक, पण जागेवर कुणीतरी पेट्रोलची गाडी लावून जेवायला गेलंय. हातात उरले चाळीस किलोमीटर आणि कोल्हापूर सत्तरवर. म्हणून मुरलेला चालक कराडची वाट बघत नाही. तो साताऱ्यातच थांबतो. तिथे त्याच्याकडे पंचेचाळीस टक्के असतात आणि तो चार्जर दगा देऊन गेला तरी पुढच्या दोन-तीन ठिकाणी पोचण्याइतकी बॅटरी असते. त्याचा एका चार्जरवर विश्वास नसतो, तो पुढच्यावर असतो.

केंद्राने सार्वजनिक चार्जिंगसाठी २०२२ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर पंचवीस किलोमीटरला एक स्टेशन असावं असं म्हटलं होतं. साखळीने हे अंतर खरोखर पाळलं, तर चाळीस किलोमीटर हातात असलेला माणूस एक चार्जर बंद निघाला तरी अडकत नाही. विकायची गोष्ट ही आहे. चार्जर काय, सगळ्यांकडेच असतात.

आता शब्द. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. फलक वाचायला तीन-चार सेकंद मिळतात, तेव्हा चार-पाच शब्दांपलीकडे जाऊ नये, आणि जोडाक्षरं जितकी कमी तितकी बरी. ‘विद्युत्प्रभारण’ वगैरे शब्द फाइलीतच राहू द्यावेत.

आपल्याकडे या कामातला उत्तम नमुना फार जुना आहे: ‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’. गाडी वेळेवर येईल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उशीर आधीच कबूल केलाय, म्हणून उरलेल्या अर्ध्यावर विश्वास बसतो. चार्जिंगवाल्यांनी हा प्रामाणिकपणा उचलावा.

माझं मत विचाराल तर: ‘पुढचा चार्जर आवाक्यात.’ रेंजला मराठीत याहून नेमका शब्द मला सापडत नाही, आणि चिंतेचं नावही न घेता उत्तर मिळतं. फक्त एक अट. प्रत्येक फलकावर त्याखाली पुढच्या स्टेशनाचं अंतर आकड्यात लिहायचं, आणि ते स्टेशन बंद पडलं की त्याच दिवशी आकडा बदलायचा. एवढं जमणार नसेल, तर फलक रंगवायला देऊ नका.